न कळवता पडणारे खाडे : बोलायचे कसे, लिहायचे काय

प्रश्न : भोसरीतल्या एका कारखान्यात गेल्या दिवाळीपासून मी मशीन शॉपचे काम पाहतो. माझ्याकडचे एक व्हीएमसी ऑपरेटर वयाने माझ्याहून बरेच मोठे आहेत, कामात चोख आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. जानेवारी ते मार्च या काळात त्यांचे १२ खाडे झाले. ३ दिवसांचा निरोप आला होता, ९ दिवसांचा नाही. बहुतेक खाडे गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला लागून आहेत. तारखांची यादी सोबत जोडली आहे. एचआर म्हणते, ‘एकदा बोलून घ्या आणि लेखी द्या.’ मी काय बोलू आणि काय लिहू?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

बोलण्याआधी तुमची यादी फोडून पाहू, कारण तिच्यात वेगवेगळ्या प्रकारचे दिवस एकत्र झाले आहेत आणि अशी सरमिसळ पुढे बोलताना अंगाशी येते. २३ आणि २४ जानेवारी आणि ६ फेब्रुवारी या ३ दिवसांचा निरोप कोणाला आला होता आणि त्यावर त्याने काय उत्तर दिले, हे त्या त्या दिवशीच्या शिफ्ट सुपरवायझरला विचारा. त्याने फोनवर ‘बरं, ठीक आहे’ असे म्हटले असेल, तर मस्टरवर गैरहजेरी लागलेली असली तरी मामांच्या दृष्टीने ती रजा मिळालेलीच होती. असे असेल तर हे ३ दिवस बोलण्यात आणूच नका. तुम्ही १२ म्हणालात आणि त्यांनी त्यांतले ३ जागच्या जागी खोडून काढले, की उरलेल्या ९ दिवसांबद्दलही ‘साहेबांनी नीट बघितलेलं नाही’ असे त्यांना वाटणार, आणि ते वाटणे चुकीचे ठरणार नाही.

उरतात ते ९ दिवस असे : जानेवारीत ९ तारीख, फेब्रुवारीत १३, १८ आणि २७, मार्चमध्ये ६, ११, १३, २० आणि २५. यांतले ६ शुक्रवार आहेत आणि ३ बुधवार, म्हणजे ९ च्या ९ दिवस गुरुवारच्या आगेमागे पडतात. महिन्यागणिक आकडा १, ३, ५ असा चढत गेला आहे. मात्र २० मार्च हा पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाचा शुक्रवार आहे. त्या दिवशी तुमच्या शॉपमधले आणखी किती जण न कळवता घरी राहिले, हे मस्टरवर पाहून घ्या. तिघे-चौघे असतील आणि त्यांना कोणी काही विचारले नसेल, तर तो दिवस मामांच्या एकट्याच्या नावावर मांडू नका. त्याच बैठकीत संपूर्ण तिमाहीचे मस्टरही नजरेखालून घाला. मामांपेक्षा जास्त खाडे असलेला आणि तरीही कोणी न बोललेला एखादा कामगार शॉपमध्ये असेल, तर ‘त्याला का नाही विचारलं?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येईल, आणि त्याचे उत्तर तुमच्याकडे तयार असले पाहिजे. ‘त्यांच्याशीही मी या आठवड्यात बोलणार आहे’ हे एवढेच उत्तर चालते, पण ते खरे असावे लागते.

गुरुवारला लागून खाडे पडतात, हे पाहून मनात येणारा पहिला विचार जोडून सुट्टी घेण्याचा असतो. तो खरा असू शकतो. पण गुरुवारी गावी जाऊन शुक्रवारी परतण्याइतका वेळ ज्याला लागतो, त्याच्या घरी काय चालले आहे ते मस्टरवर दिसत नाही. गावाकडच्या दवाखान्याचा ठरलेला वार, कोर्टाची तारीख, दुसरीकडे केलेले जोडकाम किंवा बुधवारी रात्री सुरू होऊन शुक्रवारपर्यंत न उतरणारी दारू, या सगळ्यांची खूण मस्टरवर सारखीच उमटते. म्हणून हा आकृतिबंध त्यांच्यापुढे जरूर ठेवा, पण त्याचा अर्थ तुम्ही लावून देऊ नका. तो अर्थ त्यांच्याकडून ऐकणे हेच या भेटीचे पहिले काम आहे.

आता वेळ आणि जागा. बुधवारी बोलू नका, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी असते आणि बोललेले सगळे घरी जाऊन कडू होते. पाळी सुटतानाही बोलावू नका. बाहेर बस उभी असताना माणूस फक्त होकार देतो. मंगळवारी, पहिल्या पाळीत, चहाची सुट्टी संपल्यावर मशीनवर दुसरा माणूस उभा करून त्यांना बोलवा आणि काचेच्या केबिनऐवजी जिथे शॉपमधून दिसत नाही अशा खोलीत बसा. २० मिनिटे पुरतात. या पहिल्या भेटीत एचआरचा माणूस शेजारी बसवू नये असे माझे मत आहे, कारण तिसरा माणूस वही घेऊन बसला की ती चौकशी वाटू लागते. परंतु ‘कमिटीच्या माणसाला बोलावतो’ असे मामा म्हणाले तर नाही म्हणू नका. भेट दुसऱ्या एखाद्या दिवसावर ढकला आणि त्यांना बोलावू द्या.

संबोधन बदलू नका. रोज ‘मामा’ म्हणणारा माणूस एकाएकी पूर्ण नावाने हाक मारू लागला की ऐकणाऱ्याचे कान बंद होतात. भाषा मात्र रोजच्यापेक्षा थोडी सावकाश आणि नेमकी ठेवा. सुरुवात साधारण अशी करता येईल :

‘मामा, बसा. तुमच्या हजेरीबद्दल बोलायचं आहे, म्हणून बोलावलं. जानेवारीपासून ९ दिवस असे आहेत, की तुम्ही आला नाहीत आणि शिफ्ट सुरू होईपर्यंत आम्हाला कोणाला काही कळलं नाही. तारखा मी लिहून आणल्या आहेत. एखादी चुकली असेल तर आत्ताच सांगा, मी खोडतो.’

कागद त्यांच्या बाजूला वळवून ठेवा आणि त्यांना सावकाश वाचू द्या. त्यानंतरचा मुद्दा परिणामाचा, आणि तोही तारखेनेच सांगायचा. ‘तुमच्यामुळे प्रॉडक्शन बोंबलतं’ या वाक्याला काही आधार नसतो, आणि ‘बाकीचे लोक नाराज आहेत’ हे सांगितलेत तर ते नाराज कोण याचा शोध शॉपमध्ये आठवडाभर चालेल. त्याऐवजी ओव्हरटाइमच्या नोंदी काढून आणा. समजा ११ आणि १३ मार्चला रात्रपाळीच्या ऑपरेटरला सकाळी ७ ला घरी सोडण्याऐवजी ११ पर्यंत मशीनवर थांबवावे लागले आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाला ११ ला बोलावून घ्यावे लागले, तर एवढेच सांगा : ‘११ आणि १३ तारखेला रात्रभर उभा राहिलेला माणूस आणखी चार तास थांबला. साडेसातला कळलं तर बदली शोधायला वेळच उरत नाही.’ मामांनी स्वतः रात्रपाळ्या केलेल्या आहेत, त्यामुळे त्यांना याहून जास्त समजावून सांगण्याची गरज नाही.

मग विचारा, ‘अडचण काय आहे?’, आणि थांबा. बहुतेक अधिकारी नेमके इथे चुकतात. प्रश्न विचारून दोन सेकंदांत उत्तर आले नाही, की शांतता सहन न होऊन ते स्वतःच बोलू लागतात, कारणेही सुचवतात (‘घरी काही प्रॉब्लेम आहे का? तब्येत?’), आणि समोरचा त्यांतले सोयीचे कारण उचलतो. तुम्ही गप्प राहा. उत्तर यायला अर्धा मिनिट लागला तरी लागू द्या.

कामाबद्दलची स्तुती सुरुवातीला नको. ‘तुमचं काम एक नंबर आहे, पण…’ हे वाक्य इतके झिजलेले आहे, की ‘पण’ येण्याआधीच ऐकणारा सावध होतो आणि पुढे खरी स्तुती केली तरी ती त्याला लागत नाही. तशीच ‘मला वरून सांगितलं आहे’ ही आडही घेऊ नका. तुम्ही शॉपचे प्रमुख आहात, हजेरी तुमचा विषय आहे, आणि एचआरच्या खांद्यावरून बोलणाऱ्याला पुढच्या वेळी मामा थेट एचआरकडेच जायला सांगतील. ‘घर सगळ्यांनाच आहे’ हे वाक्यही तोंडातून निघू देऊ नका.

समजा मामा म्हणाले, की वडिलांचे उपचार सोलापूरकडच्या गावाजवळ चालू आहेत, दवाखान्याचा वार शुक्रवार आहे, गुरुवारी निघावे लागते आणि कधी कधी आदल्या दिवशीच निघावे लागते. यावर ‘बघतो, ॲडजस्ट करू’ असे म्हणू नका. हे दिलाशाचे शब्द नंतर परवानगी म्हणून वापरले जातात, आणि वापरणारा खोटे बोलत नसतो, कारण त्याने ते तसेच ऐकलेले असते. तुमच्या हातात नेमके काय आहे, ते आधी एचआरला विचारून आलेले असा : त्यांची भरपगारी रजा किती शिल्लक आहे, साप्ताहिक सुट्टी काही आठवडे गुरुवारऐवजी शुक्रवारी देता येते का, शुक्रवारी त्यांना दुसऱ्या पाळीत टाकता येते का, उपचारांच्या तारखा आधी ठरलेल्या असतील तर त्या दिवसांचे अर्ज एकदम घेता येतात का. यांपैकी जे शक्य आहे ते तिथेच सांगा, आणि जे वरून विचारून सांगायचे आहे त्यासाठी ‘शुक्रवारपर्यंत सांगतो’ अशी तारीख द्या.

पण कारण कितीही खरे असले तरी एक गोष्ट त्याने सुटत नाही. वडिलांना दवाखान्यात न्यावे लागणे वेगळे आणि ते आदल्या दिवशी माहीत असूनही न कळवणे वेगळे. या दोन गोष्टी त्यांच्यापुढे वेगवेगळ्या ठेवा. ‘वडिलांचं तुम्ही करायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला आदल्या दिवशी कळायला हवं, आणि अचानक अडचण आली तर सकाळी ६ च्या आत फोन हवा.’ ही ६ ची वेळ मनाने ठरवलेली नाही, हेही सांगा : रात्रपाळी ७ ला सुटते, आणि तासभर आधी कळले तर थांबायचे की नाही हे रात्रीच्या ऑपरेटरला विचारता येते, ७ नंतर तो बसमध्ये बसलेला असतो. फोन कोणाला करायचा, तेही एकच नाव आणि एकच नंबर सांगून पक्के करा. ‘कोणालातरी सांगा’ असा नियम असला की निरोप शेजारच्या मशीनवरच्या मित्राकडे जातो आणि तो मित्र चहाच्या सुट्टीत सांगतो.

त्यांनी स्वतःच्या आजारपणाचे सांगितले, तर मात्र सूर बदला. निदान, औषधे, कुठले डॉक्टर, यांची उलटतपासणी तुमचे काम नाही. पगार मासिक २१,००० रुपयांच्या मर्यादेत असून ते कर्मचारी राज्य विमा योजनेत असतील, तर त्या दवाखान्याचे प्रमाणपत्र आणायला सांगा. त्या योजनेत आजारपणाच्या दिवसांसाठी वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो आणि क्षयासारख्या दीर्घ आजारांसाठी त्याहून वाढीव लाभाची सोय आहे. कित्येक कामगार हे माहीत नसल्याने बिनपगारी खाडे करत राहतात. प्रमाणपत्र असलेले दिवस तुमच्या यादीतून निघाले पाहिजेत. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात शिक्षा करण्यास मनाई घातली होती, ती उगाच नव्हे.

दारूचा संशय असेल, तर ‘तुम्ही पिता का?’ असे विचारण्यात काही हशील नाही. कामावर असताना काही पाहिले असेल तर तेवढेच पाहिलेले सांगा. पाहिले नसेल तर गप्प बसा. आणि ते ‘काही नाही, होतं असं कधीकधी’ एवढेच म्हणाले, तर कारण ओढून काढण्याच्या मागे लागू नका. ‘ठीक आहे, कारण सांगायचं नसेल तर नका सांगू, पुढे काय करायचं ते ठरवू’ असे म्हणून थेट कळवण्याच्या नियमाकडे या. त्यांनी कारण सांगितले नाही, ही गोष्टही नोंदीत जाईल.

आणखी एक शक्यता तुम्हाला आवडणार नाही, पण ती धरून चला. नवीन शिफ्ट सुपरवायझर चारचौघांत बोलतो, किंवा जॉब बदलल्यापासून फिक्स्चर उचलून कंबर धरते, असे काही मामा सांगू शकतील. तिथे ‘तो वेगळा विषय आहे’ म्हणून झटकून टाकू नका, आणि लगेच निवाडाही देऊ नका. ऐका, लिहून घ्या, कधीपर्यंत पाहाल ते सांगा, आणि मग ९ तारखांकडे परत या.

लेखी काय द्यायचे याकडे वळण्याआधी थोडे कायद्याचे, कारण त्यावरच या कागदाचा घाट ठरतो. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तनाच्या यादीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत : विनापरवाना वारंवार गैरहजर राहणे आणि विनापरवाना सलग १० दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहणे. मामांचे दिवस सलग नाहीत, त्यामुळे पुढे कधी कारवाईची वेळ आलीच तर ती ‘वारंवार’ या मुद्द्यावर येईल, आणि वारंवार म्हणजे काय हे तारखांनी आणि आधी दिलेल्या समजेनेच दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव यांच्या प्रकरणात सांगितले, की गैरहजेरीच्या कारणावरूनसुद्धा म्हणणे मांडण्याची संधी न देता आपोआप नोकरी संपवता येत नाही. आणि २०१२ मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात सांगितले, की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध व्हावे लागते, नाइलाजाने राहावे लागलेली गैरहजेरी तशी धरता येत नाही. म्हणजे मामांनी सांगितलेले कारण तुमच्या कागदावर असणे ही त्यांच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. ते कारण नसलेला कागद उद्या कोणाच्याच कामाचा राहत नाही. तुमच्या कारखान्याला कोणते स्थायी आदेश लागू आहेत, त्यांची प्रत एचआरकडून आणून रजेचे आणि गैरवर्तनाचे कलम स्वतः वाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची तरतूद किमान ३०० कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे, तेव्हा तुमची कामगारसंख्याही त्यांना विचारून घ्या.

भेटीनंतरचा कागद त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी द्या. तो मेमो नाही, ताकीद नाही आणि आरोपपत्र तर नाहीच. काय बोलणे झाले याची ती नोंद आहे. तिच्यात ‘शेवटची संधी’, ‘अन्यथा सेवेतून कमी करण्यात येईल’, ‘बेजबाबदार वर्तन’ असले शब्द घातलेत, तर चौकशी न करता शिक्षा दिल्यासारखे होते, आणि पुढे खरी नोटीस द्यायची वेळ आली तेव्हा तिचे वजन राहत नाही. कागद मराठीतच लिहा. मामांना वाचून दाखवावा लागेल असा इंग्रजी मेल पाठवून ‘लेखी दिलं’ म्हणण्यात अर्थ नाही. मसुदा असा :

विषय : हजेरीबाबत झालेल्या चर्चेची नोंद
दिनांक : ७ एप्रिल २०२६

श्री. … (टोकन क्रमांक …) यांस,

आज सकाळी आपल्या हजेरीबाबत आपली आणि माझी चर्चा झाली. ९ जानेवारी, १३, १८ व २७ फेब्रुवारी, ६, ११, १३ व २५ मार्च या ८ दिवशी आपण कामावर आला नाहीत आणि पाळी सुरू होण्यापूर्वी निरोप मिळाला नाही, असे मस्टरवरून दिसते. आपण या तारखा पाहिल्या व त्या बरोबर असल्याचे सांगितले. २० मार्चचा दिवस चर्चेनंतर या यादीतून वगळला आहे.

कुटुंबातील वैद्यकीय कारणामुळे गुरुवारी व शुक्रवारी गावी जावे लागते, असे आपण सांगितले. पहिल्या पाळीत नवीन फिक्स्चर उचलताना त्रास होतो, हेही आपण सांगितले.

पुढील गोष्टी ठरल्या. एक, आधी माहीत असलेल्या दिवसासाठी आपण आदल्या कामाच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत रजेचा अर्ज द्याल. दोन, अचानक अडचण आल्यास सकाळी ६ पूर्वी शिफ्ट सुपरवायझरच्या ठरलेल्या क्रमांकावर स्वतः फोन कराल. शक्य नसल्यास घरातील व्यक्ती करील. तीन, साप्ताहिक सुट्टी तात्पुरती शुक्रवारी देता येईल का, हे मी १० एप्रिलपर्यंत आपल्याला कळवीन. चार, फिक्स्चरची पाहणी मी १५ एप्रिलपर्यंत करीन.

५ मे रोजी आपण दोघे पुन्हा भेटून वरील गोष्टींचा आढावा घेऊ.

या नोंदीत काही चुकीचे किंवा राहून गेलेले वाटल्यास खाली लिहावे.

(सही, नाव, हुद्दा)
प्रत मिळाली : (सही व दिनांक)

या मसुद्यात काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. वडिलांचा आजार नावाने लिहिलेला नाही, ‘कुटुंबातील वैद्यकीय कारण’ एवढेच लिहिले आहे, कारण हा कागद फाइलमध्ये अनेकांच्या हातांत जाईल आणि आजाराचे नाव तिथे असण्याची गरज नाही. ठरलेल्या चार गोष्टींपैकी दोन तुमच्या नावावर आहेत. त्या तुम्ही ठरलेल्या तारखेला केल्या नाहीत, तर पहिल्या दोन गोष्टींचा आग्रह धरण्याचा तुमचा हक्क त्याच दिवशी संपला असे समजा. शॉपमध्ये असल्या गोष्टी फार लवकर कळतात. सहीच्या जागी ‘मान्य’ किंवा ‘कबूल’ लिहून घेऊ नका, ‘प्रत मिळाली’ पुरते. सही करायला ते तयार झाले नाहीत तर ओढाताण न करता प्रत त्यांच्या हाती द्या आणि आपल्या प्रतीवर ‘प्रत दिली, सही केली नाही’ असे तारीख-वेळेसह लिहा. त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात काही लिहिले, अगदी तुमच्या विरुद्ध लिहिले तरी, ते तसेच राहू द्या. आणि हा कागद, किंवा त्याचा फोटो, लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकूनही जाता कामा नये.

आढाव्यासाठी चार आठवडे ठेवले आहेत, कारण तेवढ्यात चार-पाच शुक्रवार येऊन जातात आणि खरे काय ते दिसते. या काळात मोजायचे ते न कळवलेले दिवस, एकूण खाडे नव्हेत. मामांनी अर्ज देऊन तीन शुक्रवार घेतले आणि तुम्ही ते मंजूर केले, तर ठरल्याप्रमाणेच झाले. अर्ज नामंजूर करायचा असेल, तर त्याच दिवशी आणि कारणासह करा. टेबलावर पडून राहिलेला अर्ज हा मंजूर झाला असेच कामगार समजतो.

एखाद्या दिवशी पुन्हा न कळवता खाडा पडला, तर ५ मे ची वाट पाहू नका. त्याच दिवशी ७ नंतर तुम्ही स्वतः एक फोन करा, आणि ते परत येतील त्या दिवशी मशीन सुरू करण्याआधी पाच मिनिटे उभ्याउभ्या बोला : काय झाले, फोन का होऊ शकला नाही, पुढच्या वेळी कोण करील. डायरीत दोन ओळी लिहून ठेवा. दुसऱ्यांदा तसेच झाले, तर विषय तुमच्या हातून एचआरकडे गेला पाहिजे आणि तिथून खुलासा मागणारे रीतसर पत्र निघाले पाहिजे, ज्यात या नोंदीचा दिनांकासह उल्लेख असेल. तिथून पुढे खुलासा, तो पटला नाही तर आरोपपत्र, मग चौकशी असा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर तुम्ही साक्षीदार असता, निवाडा करणारे नव्हे. म्हणून ‘मी तुम्हाला वाचवतो’ किंवा ‘आता मी काही करू शकत नाही’ यांपैकी काहीही मामांना सांगू नका.

आणि ५ मे ला हजेरी सुधारलेली दिसली, तर तेही लिहून द्या. नोंदीच्या दोन्ही प्रतींवर ‘ठरल्याप्रमाणे कळवले जात आहे, विषय बंद’ असे लिहून सही करा आणि एचआरच्या फाइलमधल्या प्रतीवरही तेच लागले आहे की नाही, ते स्वतः पाहून घ्या. नाहीतर दोन वर्षांनी बढतीच्या वेळी फाइल उघडणाऱ्याला फक्त ८ तारखा दिसतील.